रक्तवाढीचा ज्यूस

मला लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायचा. हे वाक्य आज मी सरळ लिहिते, पण चार वर्षांपूर्वी वेलचेरीच्या आमच्या घरात ते उच्चारायची माझी छाती नव्हती. मी शाळेत हिंदी शिकवत होते, आणि शाळेच्या शौचालयात जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हते. जळजळ झाली की गुपचूप औषधं घ्यायची, बरं व्हायचं, पुन्हा आजारी पडायचं.

शेवटी स्टाफरूममधल्या एका बाईंनी क्रॅनबेरीचा, म्हणजे एका लाल आंबट परदेशी फळाचा, ज्यूस सुचवला. मी सुपरमार्केटमधून मोठे दोन खोके आणून फ्रिजमध्ये ठेवले. सासूबाईंनी लगेच विचारलं, "हे लाल काय गं?"

"रक्त वाढतं त्यानं, आई," मी ठोकून दिलं.

सासूबाईंच्या हृदयात एक झडप धातूची होती. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून त्या रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घ्यायच्या. शिवाय मधुमेह. त्यांना थाप मारताना यातलं एकही माझ्या डोक्यात आलं नाही. मी शिक्षिका आहे, हे इथे मुद्दाम नोंदवते.

त्या बिनसाखरेचा चहा पिऊन चारचौघांत मिरवायच्या. मी शाळेत गेले की मात्र फ्रिज उघडून दोन-दोन ग्लास ज्यूस रिचवायच्या. खोके लवकर संपतात याचा आळ मी नवऱ्यावर घेतला. तो बिचारा शपथा घेत राहिला.

तीनेक आठवड्यांनी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना. दंडावर निळे डाग दिसले. मी शाळेला दांडी मारून त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्त गोठण्याचा हिशेब सांगणारी आयएनआरची तपासणी झाली, आकडा हवा त्यापेक्षा बराच वर होता. साखरही चढलेली.

"अम्मा, नवीन काय खाता-पिता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तेवढा रक्तवाढीचा ज्यूस."

डोक्यात रक्तस्राव झाला असता तर तो माझ्या थापेनं झाला असता. मी सगळं कबूल केलं, लघवीच्या संसर्गासकट. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही बहुधा ऐकू गेलं.

डॉक्टरबाईंनी त्या खोक्याचा फोटो मोबाइलवर शोधून मोठा करून बघितला. घटकांच्या यादीत आधी पाणी, मग साखर, फळ तिसऱ्या नंबरवर. त्या म्हणाल्या, "ज्या बायकांना वारंवार संसर्ग होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीनं तो होण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, असा पुरावा आहे. जंतूंना मूत्राशयाला चिकटू देत नाही, असं मानतात. पण झालेला संसर्ग त्यानं बरा होत नाही. वृद्धाश्रमातल्या लोकांवर अभ्यास झाले, त्यांत फारसा उपयोग दिसला नाही. तुम्ही घ्यायचाच तर बिनसाखरेचा घ्या. आणि आधी पाणी प्या हो, टीचर."

"आणि आईंचं? ज्यूसमुळेच झालं का हे?"

"खात्री देता येत नाही. थोड्या प्रमाणात घेतलेल्यांवर अभ्यास झालेत, त्यांत आकडा फारसा हलला नाही. पण वॉरफरिन घेणाऱ्यांना ज्यूसनंतर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. धातूची झडप असताना मी ही परीक्षा घेणार नाही. ज्यूस बंद. आजची गोळी घेऊ नका, पुढचा डोस मी सांगते. परवा पुन्हा तपासणी."

मी सासूबाईंना म्हणाले, "आई, चुकलं माझं. खोटं बोलले."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू बाथरूममध्ये किती वेळा जातेस ते ऐकू येतं मला. रक्त वाढवायला कोण पीत होतं?"

"मग कशाला पीत होता?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मलाही जळजळतं. दोन महिने झाले."

"आणि सांगितलं नाही?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मला त्यांच्यावर राग आला, माझ्यावर त्याहून जास्त. दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघी एकच दुखणं एकमेकींपासून लपवत होतो, आणि त्यापायी एकीचा जीव जाता जाता राहिला होता. डॉक्टरबाईंनी लघवीच्या तपासणीच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. सासूबाईंना बजावलं, की कुठलंही अँटिबायोटिक त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, त्यातली काही वॉरफरिनचा जोर वाढवतात.

दवाखान्यात शौचालय एकच होतं. आम्ही दोघी हातात झाकणाच्या डब्या धरून दाराशी उभ्या राहिलो, चार माणसांसमोर. मला वाटलं, सासूबाई आता पदराखाली डबी लपवतील. त्यांनी ती उजेडात धरून झाकण फिरवून बघितलं आणि मला म्हणाल्या, "तू जा आधी. तुला दम निघत नाही."