शंभर शब्दांत निपाणी स्टँड

आमच्या साडूभाऊंएवढा मोठा आवाज निपाणीत आजवर झाला नाही, पुढंही व्हायचा नाही. मी तिसरी शिकलोय, पण हे लिहून देतो. निपाणी स्टँडावर ते गाड्या पुकारायचे तेव्हा भोंगा बिघडला तरी कुणाला कळायचं नाही. घरातही तेच. जेवायला बसले की बायकोला हाळी, "भाकरी फलाटाला लागली का गं?" पोरीच्या लग्नात तर त्यांनी पंगतीच पुकारल्या, "दुसरी पंगत सुटायच्या तयारीत हाय! जागा धरून घ्या!" आणि व्याही घाबरून उष्ट्या पानावर जाऊन बसले.

पुढं आमच्या मेव्हण्यानं त्यांना विलायतेला नेलं, तर तिथंही ते एका रेल्वे स्टेशनात गाड्याच पुकारायला लागले. प्रत्येक गाडी तीनदा. कारण निपाणीचा माणूस पहिल्यांदा ऐकतो, दुसऱ्यांदा विचारतो आणि तिसऱ्यांदा पळतो. साहेब लोकांना म्हणे एकदा सांगितलेलं पुरतं. "पुरंना का," साडूभाऊंनी लिहिलं, "आपली सवय आपण का मोडायची?"

एका गणपतीत तिथल्या मराठी मंडळात त्यांच्या नकला ठरल्या. मंडळाचा रिवाज असा, की कलाकार येण्याआधी त्याचा परिचय वाचायचा. शंभर शब्द, मूळ गाव, शिक्षण, छंद, हल्लीचं काम, आणि त्या कामात गावाकडचं काय उपयोगी पडलं त्याचं एक वाक्य. आणि सगळं 'ते असे, ते तसे' म्हणून. स्वतःला 'ते' म्हणायची साडूभाऊंना लाज वाटली. त्यांनी मला कळवलं, "पाव्हणं, तुम्हीच लिवा." मी लिहिलं. त्यात स्टँड होतं, फलाट होता, फलाटासमोरचं माझं पानाचं दुकान होतं. मंडळाच्या चिटणीसबाईंनी कापून परत पाठवलं : 'सीमाभागाचे सुपुत्र, वाहतूक क्षेत्रात संज्ञापनाचे कार्य.' स्टँड गेलं, दुकानही गेलं. मी उलट टपाली ठणकावलं, "स्टँड नसंल तर आमच्या पाव्हण्यांना स्टेजवर चढवू नका!" बाईंचं उत्तर आलं, शंभर शब्द भरले, आता जागा नाही.

मग कार्यक्रमाची कॅसेटच आली. शेजाऱ्याच्या टेपवर लावली. बाई गोड आवाजात 'सीमाभागाचे सुपुत्र' म्हणतायत तोवर माईक किंचाळला, साडूभाऊंनी ओढला असणार.

"बाई, सरा जरा."

"अहो, परिचय व्हायचाय अजून!"

"त्योच करतोय. निपाणी, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती, बेळगाव, मुंबई, विलायत! गाडी निपाणी स्टँडावरनं सुटली, साडूच्या पानाच्या दुकानाम्होरनं! पुकारायला तिथंच शिकलो, इथं त्येच्यावरच पोट भरतोय! झाला परिचय!"

सभागृह कोसळायचंच बाकी. कोणीतरी ओरडलं, "संकेश्वरला थांबतीय का?"

"थांबतीय, पण उतरू देणार न्हाय!"

आणि मागनं चिटणीसबाईच, "अहो, काकतीला माझं माहेर हाय!"

मी शेजाऱ्याच्या घरात मांडी थोपटून हसत होतो. मंडळी शांत झाली, तेव्हा साडूभाऊंचा आवाज पहिल्यांदाच हळू ऐकला. "परतीची गाडी अजून लागल्याली न्हाय. लोकांनी वाट बघावी."

एवढंच, आणि एकदाच म्हणाले. म्हणून मी कॅसेट मागं घेऊन आणखी दोनदा ऐकली.