आजोबांचे डोळे कापसावर आले, त्याची गोष्ट

एका रविवारी सकाळी, चहा झाला होता आणि पोहे व्हायचे होते, तेवढ्या वेळात मी माझ्या आजोबांचे डोळे पुसले. म्हणजे अश्रू नव्हे. डोळेच.

झालं असं, की आमच्या आत्याला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. वैरागला तिच्या घरी सगळ्यांनी जमायचं आणि तिला घराण्याचा अल्बम द्यायचा असं ठरलं. अल्बमचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगणारा मी एकटाच, आणि निवृत्तीला वेळ असूनही निवृत्त झाल्यासारखा वागणाराही मीच. आत्याची अट एकच होती. फोनवर म्हणाली, "पैल्या पानावर माजं आई-बाबा पायजेत. मोतीबिंदू काडलाय, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवल्यात. आता त्यास्नी एकदा नीट बगायचं हाय. बाकी तुमी कायबी लावा."

आजी-आजोबांचा एकत्र असा फोटो एकच. सोलापूरच्या गड्ड्यावर, जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या फोटोग्राफरनं काढलेला. मागे रंगवलेला पडदा: तळं, तळ्यात बदकं, पलीकडे कुठल्या तरी संस्थानिकाचा जिना. त्या जिन्याच्या पायथ्याशी, खांद्यावर घोंगडं टाकून, आमचे मेंढरं राखणारे आजोबा आणि शेजारी डोईवरून पदर घेतलेली आजी. आजोबांच्या मिशांनी त्यांचं तोंड झाकलेलं, पण डोळे! दोन काळेभोर टपोरे डोळे, समोरच्याच्या पार आत बघणारे. लहानपणी फोटोखालच्या फळीवर गुळाचा डबा असायचा आणि त्या डोळ्यांदेखत गूळ खायची आमची कुणाची छाती नव्हती. नापास झाल्याचं मी आईला सांगितलं ते स्वयंपाकघरात, कारण बाहेरच्या खोलीत आजोबा होते.

माझे डोळे या घराण्याचे नाहीत, हे तेव्हापासून ठरलेलं. प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले. लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाल्याक्षणी मी झोपेत आहे असं वाटतं. बायको अजून म्हणते, "मला बघून डोळे मिटणारा पहिला नवरा."

तर फोटोची अवस्था वाईट होती. काळ्याचा राखाडी झालेला, पांढऱ्याचा पिवळा. कधी तरी काच फुटली तेव्हा तुकडा घासून आजीच्या खांद्यापासून आजोबांच्या छातीपर्यंत चरा उठलेला. पुढं बरीच वर्षं फोटो बिनकाचेचाच लटकत राहिला, आणि पितृपंधरवड्यात दरवर्षी कुणी ना कुणी त्यावरच हळदकुंकू लावलं. आजीचं कपाळ, नाक, हनुवटी, सगळं लालसर डागाखाली गेलेलं.

आधी मी मोबाईलवरचं एक अॅप वापरून बघितलं. बटण दाबलं आणि चार सेकंदांत आजीला लिपस्टिक आली. आजोबांची हनुवटी अशी धारदार झाली की भाकरी कापावी. मी ते घराच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत आत्याचा व्हॉइस मेसेज आला, "ह्यो कोन बाबा? आनि ही बाई कुनाची? माजी आई दे की रं लेका."

मग मी शास्त्रशुद्ध मार्गाला लागलो. म्हणजे एक व्हिडिओ बघितला, तोही अर्धा. स्वच्छ कापूस घेतला, कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि आजोबांच्या चेहऱ्यावरून हलक्या हातानं फिरवला. कापूस काळा झाला. मला वाटलं, वा, किती वर्षांची धूळ निघतेय! उत्साहात दुसऱ्यांदा फिरवला. मग फोटोकडे बघितलं. मिशा होत्या, नाक होतं, घोंगडं होतं. डोळ्यांच्या जागी दोन करड्या पट्ट्या. डोळे माझ्या हातात, कापसावर.

बायको पोह्यांची बशी घेऊन आली. फोटोकडे बघितलं, कापसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, गुळाचा सूड इतका घ्यायचा नसतो."

आणि मंगळवारी आत्या डोळे तपासून घ्यायला सोलापूरला, आमच्याकडेच, येणार होती. ऐंशी वर्षांची बाई, नवी भिंगं घालून बापाला बघायला निघालेली, आणि मी तिच्या बापाचे डोळे काढून बसलेला.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच मी नवी पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओच्या पायरीवर उभा होतो. मालक साठीचे, शर्टाच्या खिशात भिंग, फोनवर बायकोशी तेलुगूत भांडण आणि माझ्याशी मराठीत. मी प्लास्टिकच्या डबीतून कापूससुद्धा नेला होता, न जाणो परत चिकटवता आला तर. त्यांनी कापूस बघितला आणि फोन ठेवला.

"ओला कापूस? जुन्या फोटोला?"

"व्हिडिओत होतं."

"पुढंपण बघायचं होतं की. पाणी लागलं की वरचा थर फुगतो. चिकटतो, सोलतो. कोरडा मऊ ब्रश फिरवायचा, बास. ब्रशनं नाही गेलं तर राहू द्यायचं."

मग त्यांनी फोटो टेबलदिव्याच्या खाली तिरका धरला, उजेड बाजूनं पडेल असा. भिंग लावलं. ते इंच इंच पुढं सरकवत गेले. मी मनातल्या मनात आत्याच्या पाया पडत होतो. अचानक त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं उचकी लागली. हसत होते.

"साहेब, तुम्ही डोळे नाही पुसले. रंग पुसला. हे बघा, भुवईच्या कोपऱ्याला थोडा राहिलाय. तिरक्या उजेडात फोटो चमकतो, वरून लावलेला रंग चमकत नाही. पाण्यात कालवायचा काळा-पांढरा रंग. फोटो काढताना माणसानं डोळे मिटले की नंतर बारीक कुंचल्यानं उघडायचे. माझ्या वडलांनीपण असे लई डोळे उघडलेत. एका नवरदेवाचे तर चुकून मोठे झाले, सासरा भ्यायला."

मी बसलो. नापास झाल्याचं मी ज्यांच्यापासून लपवलं, ते जलरंग होते!

मंगळवारी तपासणीनंतर आत्याला रिक्षातून थेट स्टुडिओत आणलं. काळा चष्मा, नऊवारी, हातात औषधाची पिशवी. रिक्षात तिला सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा हवापाण्यावर बोललो. शेवटी बायकोनंच सांगून टाकलं, "आत्या, यांनी मामंजींच्या वडलांचे डोळे पुसले."

"कशानं?" आत्या म्हणाली.

"कापसानं."

मला रिक्षातून उडी मारावीशी वाटली, पण सात रस्ता चौकात सिग्नलला रिक्षा उभीच होती, उडी न दिसता नुसतं उतरणं दिसलं असतं.

स्टुडिओत तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. मालकांनी फोटो आदल्या दिवशीच स्कॅन केला होता, काळापांढरा असूनही रंगीत स्कॅन. का, ते त्यांनी तिथंच दाखवलं. "रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. तुमचं कुंकू लाल. लाल थरात ते कागदाइतकं उजळ दिसतं, म्हणजे दिसतच नाही." एक बटण दाबलं आणि इतक्या पितृपंधरवड्यांचं कुंकू आजीच्या चेहऱ्यावरून उडालं. राहिली ती तिनं स्वतः लावलेली टिकली, फोटोतलीच, ठसठशीत काळी.

आत्या खुर्चीत पुढं सरकली. "आई हाय की गं," ती बायकोला म्हणाली.

मूळ स्कॅन त्यांनी वेगळा जपून ठेवला होता. काम प्रतीवर. चरा भरायचा तर शेजारचाच दाणेदार पोत थोडा थोडा उचलून, घोंगड्यावर घोंगड्याचा, पदरावर पदराचा. "मशीनला सांगितलं तर एका झटक्यात करतं, पण तोंड साबणासारखं गुळगुळीत होतं," म्हणाले. मी अॅपची आठवण काढली नाही. फिकटपणा थोडा कमी केला तशी आजी अजून पुढं आली आणि तिचा खालचा ओठ दिसला. दाताखाली दाबलेला. गंभीर बाई नव्हती ती. हसू दाबत होती.

मग त्यांनी आजोबांचा चेहरा मोठा केला. मिटलेल्या पापण्या, सरळ नव्हे, वर उचललेल्या कमानीसारख्या, आणि कडेला सुरकुत्यांचे पंखे. झोपलेला माणूस असा दिसत नाही.

"आजी, दोन्ही करता येतं," मालक म्हणाले. "यांच्या मोबाईलमध्ये पुसायच्या आधीचा फोटो आहे. तसे डोळे परत घालतो. नाही तर असंच ठेवतो. तुम्ही सांगा."

आत्यानं काळा चष्मा काढला. पडद्याच्या इतकी जवळ गेली की मालकांना माऊस सोडावा लागला. आणि ती हसायला लागली, पोट धरून, पिशवीतली डोळ्याच्या थेंबांची बाटली घरंगळत टेबलाखाली गेली तरी हसत होती.

"अरं, मी व्हते की तितं! सा वर्साची. फोटोवाला म्हनतोय हलू नगा, हलू नगा. आनि आई त्या पडद्याकडं बगून हळूच म्हनली, येवडं पानी हाय, मेंढरं आनायला पायजे व्हती. बाबांचं असं व्हतं, हसलं की डोळं मिटायचं, मग सांगूनबी उगडायचं न्हायीत. फोटोवाला लई चिडला. फोटो हातात आला तर डोळं हे टपोरं! बाबा म्हनलं, ह्यो कोन दुसराच मानूस माज्या घोंगड्यात? त्यानी कदी लावूच दिला न्हाय. ते गेल्यावर तुज्या बापानं लावला."

"मग तू कधी बोलली कशी नाहीस?"

"कुनी इचारलं? दुसरा फोटो न्हाय म्हनून ह्योच मागितला. मी त्या फोटोत आईकडंच बगायची. बाबा त्यात नव्हतंच."

मग ती माझ्याकडे वळली आणि नव्या भिंगांतून मला नीट न्याहाळलं. "हस बगू."

मी हसलो. मला काही दिसेना. बायकोचा आवाज आला, "अय्या, खरंच की."

पन्नाशी उलटल्यावर मी घराण्यात दाखल झालो, तेही आंधळेपणानं.

डोळे परत घालायचे नाहीत, हे सांगायची गरजच उरली नाही. चार दिवसांनी मॅट कागदावर प्रिंट मिळाली. ती पहिल्या पानावर लागली. जुना फोटो मालकांनी पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून दिला आणि माझ्याऐवजी बायकोच्या हातात ठेवला.

वाढदिवसाला आत्यानं अल्बम उघडला, पहिलं पान. डॉक्टरनं शिकवलं होतं तसं एक डोळा तळहातानं झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. "ह्यानं आई दिसती. ह्यानं बाबा. दोनीनं दोघं." पुढची पानं तिनं उलटलीच नाहीत. बाकीचे वीस फोटो मी कशासाठी चिकटवले, देव जाणे.

जेवणं झाल्यावर तिनं मला स्टुडिओवाल्यांना फोन लावायला सांगितला. स्पीकरवर.

"भाऊ, ल‌ई चांगलं केलं. येक इचारू? ती बदकं काडून तितं मेंढरं घालता येत्याल का?"

"आजी, जे नव्हतं ते घालत नाही मी."

"चार तरी," आत्या म्हणाली, आणि डोळे मिटून हसत बसली.