शेटजींच्या पानावरचे अंड्यासारखे फोटो

नवी पेठेतल्या त्या चादरीवाल्या शेटजींची आठवण आली की अजूनही माझं डोकं तापतं. त्यांना वेबसाइट करायची होती आणि मला ते काम हवं होतं. मंगळवेढ्याहून एक जुना लॅपटॉप घेऊन आले होते मी, आणि एवढ्या मोठ्या दुकानाचं काम तोवर मिळालं नव्हतं.

मी नमुन्याचं पान केलं. प्रत्येक चादरीच्या चौकटीला दोन सावल्या दिल्या: एक जवळची, बारीक, दुसरी खाली पसरलेली, जेमतेम आठ टक्के गडद. त्यामुळे चौकट पानावरून किंचित उचलल्यासारखी दिसे. 'खरेदी करा' बटणाची टोकं पूर्ण गोल. विणकरांचे फोटो गोलात.

शेटजी म्हणाले, "ताई, लिंक द्या की. घरी दाखवून आणतो."

त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक चादरी घरी दाखवायला नेतंच. मी दिली. महिनाभर फोन नाही. मग एक दिवस, "जरा येऊन जावा."

गेले. पडद्यावर माझंच पान होतं. शेटजींच्या पुतण्यानं ब्राउझरमधून माझा सगळा कोड उचलला होता आणि वर आपली अक्कल चालवली होती. सावली एकच, काळीकुट्ट, कडेला काजळी लागल्यासारखी. बटणं अंड्यासारखी आणि विणकरांची तोंडंही.

"तुमचं डिझाइनच कच्चं हाय," पुतण्या म्हणाला.

"माझं? बटणाच्या टोकांच्या गोलाईला मी ९९९ पिक्सेल लिहिलं होतं. तुम्ही पन्नास टक्के केलं."

"फोटोला पन्नासच हाय की! तेच तर लावलं."

"फोटो मी चौरस ठेवला होता, म्हणून पन्नासात गोल. लांबट बटणाला पन्नास टक्के दिलं की अंडंच होणार. आणि फोटोला दिलेली उंची कुणी काढून टाकली?"

"चेहरे चेपत होते."

"फोटो न चेपता चौकटीत बसवणारी object-fit: cover ची ओळ तुम्हीच उडवली, म्हणून चेपले."

शेटजी मधे पडले. "भांडू नका. एवढं दुरुस्त करा, मग सगळं काम तुम्हालाच."

ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत मी सावली बदलली, बटणं नीट केली, फोटोला उंची आणि ती ओळ परत दिली. पान एकदम शांत दिसू लागलं. शेटजी पुढे वाकले.

"एवढंच व्हय? चार-पाच ओळी! ह्याला कसली ताई लागती? आता पुतण्याच बघंल पुढचं."

पुतण्या हसला. मीही हसले. त्या खिडकीतले बदल फक्त त्या पडद्यावर, तेही पान पुन्हा उघडेपर्यंतच टिकतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी रिफ्रेश दाबलं. सगळी अंडी परत आली.

"अहो, हे काय केलंत?"

"नमुना दाखवला, शेटजी. यावेळी घरी न्यायला मिळणार नाही."

चप्पल घालून मी पायऱ्या उतरले. काम गेलं. परवा सहज त्यांचं पान उघडून पाहिलं. विणकरांची तोंडं अजून लांबटच आहेत.