प्रोफाइलमधली आजी

“चव हाताला असते म्हणता ना, मग ज्याचे हात भाजले त्याला पुढे येऊ द्या,” असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. मुलगा हसला, सून पाणी आणायला उठली आणि बायको म्हणाली, “अहो, जेवा आधी.” त्याचं म्हणणं ताटाच्या कडेला मिठासारखं पडून राहिलं.

माणूस भट्टीवाला. उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या बेकरीच्या भट्टीसमोर गेली. पावाच्या प्रत्येक कागदावर मालकाचा गुबगुबीत, हसरा चेहरा छापलेला असायचा. त्या चेहऱ्याने जन्मात पीठ मळलं नव्हतं. भट्टीवाला मात्र पहाटेपासून आगीच्या तोंडाशी उभा. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, भुवया अर्ध्या जळालेल्या, मिशा तेवढ्या कशाबशा वाचलेल्या. बेकरी बंद पडली तेव्हा मालकाने सगळ्यांना एकेक पाव दिला. त्याच्या कागदावरही तोच हसरा चेहरा.

घरी बसून हा माणूस गंजत चालला. मग सुनेने एक ओव्हन आणला. त्याने आठवडाभर ओव्हनकडे संशयाने पाहिलं, जसं एखादा जावयाकडे पाहतो, आणि मग एका सकाळी त्यात पाव लावला. वास जिना उतरून खाली गेला. शेजारीण विचारत आली, तिची बहीण आली, बहिणीची मैत्रीण आली. पाव झाले, बिस्किटं झाली, मग केक. बेकरीत केकचा विभाग वेगळा होता, पण शिकायला वयाची आडकाठी नसते, हे त्याने स्वतःलाच दाखवून दिलं.

मुलाने फोनवर दुकान काढलं. म्हणजे नुसतं एक पान. वर गोल फोटो, खाली चार ओळी. त्या चार ओळींत गिऱ्हाईक पटलं तर पटलं, नाहीतर अंगठा पुढे सरकला. मुलगा जाहिरातीच्या कंपनीत, त्याला यातलं कळायचं. त्याने लिहिलं:

‘आजीच्या मायेची ऊब. घरच्या ओव्हनमधले केक, पाव, बिस्किटं. मेसेज करा, आजी वाट बघतेय!’

भट्टीवाल्याने चष्मा लावून वाचलं. “आजी कोण?”

“आई.”

“तुझ्या आईला चहा उतू न जाऊ देता करता येत नाही.”

“बाबा, लोकांना आजी हवी असते. मिशीवाल्या माणसाकडून कोण केक घेणार? पाहिलं की वाटतं, पावती फाडायला आलाय.”

बायकोने अंबाडा घातला, खांद्यावर शाल घेतली आणि हातात केकचं ताट धरून फोटो काढून घेतला. फोटोत ती खरंच गोड दिसत होती, हे त्यालाही मान्य होतं. ऑर्डरी वाढल्या. गिऱ्हाईक न्यायला आलं की बायको दारात जाई, “सावकाश ने हो, बाळा” म्हणे, आणि तो स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसे. आपल्याच घरात उंदरासारखा. बाहेरून आवाज येत, “आजी, काय हात आहे तुमचा!” आणि आत तो आपले हात बघत बसे. तिलाही या कौतुकाची चटक लागली होती. आयुष्यभर तिच्या स्वयंपाकाला कोणी बरं म्हटलं नव्हतं. तिला काय बोलणार? राग पिठासारखा झाकणाखाली फुगत राही.

त्या दिवशी एक बाई लेकीच्या वाढदिवसाचा केक न्यायला आली. मुलगी आईच्या पदराआडून डोकावत होती. चॉकलेटचा केक खोक्यात बांधून तयार.

“आजी, यात अक्रोड, बदाम काही नाही ना? हिला चालत नाही. घसा सुजतो, मागे दवाखान्यात न्यावं लागलं.”

बायकोने खोक्याचं झाकण उचलून बघितलं. वरून केक काळाभोर, गुळगुळीत. अक्रोड दिसत नव्हता. आणि आजीने “मला ठाऊक नाही” कसं म्हणायचं?

“छे गं, काही नाही. निवांत खाऊ दे.” तिने खोकं बाईच्या हातात दिलं.

स्वयंपाकघराचं दार भिंतीवर आपटलं. तो बाहेर आला, कमरेला फडकं, मिशीला पीठ, अंगावर ओव्हनची धग.

“आहे! अक्रोड आहे. दळून पिठात घातलाय, म्हणून दिसत नाही. ठेवा ते खाली!”

मुलगी रडायला लागली. बाईने खोकं टेबलावर ठेवलं आणि लेकीला जवळ ओढलं.

“हे कोण?”

मुलगा घाईघाईने पुढे झाला. “आजोबा. आजीला मदत करतात.”

“मदत?” भट्टीवाला म्हणाला. “बाई, हा केक मी केलाय. इथला प्रत्येक केक मी करतो. हिला विचारून उपयोग नाही.”

बाईचा आवाज चढला. “मग मी कोणाला विचारायचं होतं? तुमच्या पानावर ना माणूस खरा, ना एक कामाची ओळ! माया, ऊब! माझ्या पोरीच्या जिवाला काही झालं असतं तर ही ऊब कोणाला दिली असती?”

“तुमचं बरोबर आहे.”

“मग दुसरा केक द्या, बिनअक्रोडाचा. संध्याकाळी मुलं येतायत.”

“नाही देणार. ओटा तोच, भांडी तीच, ओव्हन तोच. कितीही धुतलं तरी मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हिला माझ्याकडचं काहीच देऊ नका.”

बाईने पदराने लेकीचे डोळे पुसले. मग लेकीचा हात धरून जिना उतरली.

“झालं समाधान?” मुलगा म्हणाला. “आता ती सगळीकडे लिहील.”

“ती लिहायच्या आधी आपण लिहू. काढ फोन.”

तो उभ्या उभ्या सांगत गेला, आणि सुनेने एका पाकिटाच्या मागे उतरवून घेतलं:

‘केक, पाव, बिस्किटं. जुना भट्टीवाला घरीच, मन लावून भाजतो. अक्रोड-बदाम वापरतो, चालत नसेल तर घेऊ नका. दोन दिवस आधी मेसेज करा. उत्तर मीच देतो.’

“छान आहे,” सून म्हणाली. “काय मिळतं, कोण करतं, कसं मागवायचं, सगळं कळतं.”

बायको शाल घडी करत होती. “ह्यांचंच लाव रे. मला नाही उभं राहायचं दारात. पोरीचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही.”

“आई, तू थांब जरा.” मुलगा खुर्चीत बसला आणि फोनवर टाइप करू लागला. भट्टीवाल्याने हात धुतले, पुसले, पुढचा पाव ओव्हनमध्ये लावला. बऱ्याच दिवसांनी त्याने स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं.

“हं, बघा,” मुलगा म्हणाला. “तुमचंही घेतलंय. फक्त जागा कमी असते, म्हणून थोडं बसवलं.”

त्याने चष्मा लावला. फोटोतली आजी हसतच होती. खाली लिहिलं होतं:

‘आजीच्या मायेची ऊब, आजोबांची साथ! घरच्या ओव्हनमधले केक, पाव, बिस्किटं. दोन दिवस आधी मेसेज करा, आजी वाट बघतेय!’

“अक्रोडाचं कुठंय?” सुनेने विचारलं.

“ते वर नको गं. लोक बिचकतात. विचारलं कुणी तर सांगूच ना आपण.”

भट्टीवाल्याने ओळी पुन्हा एकदा वाचल्या. फोन मुलाच्या हातात दिला. आत जाऊन त्याने ओव्हन बंद केला. पाव अजून कच्चा होता. मेसेज आल्याचा आवाज झाला, आणि मुलगा खुशीत म्हणाला, “बघा, आली ऑर्डर! बाबा, उद्या जमेल ना?”

त्याने कमरेचं फडकं सोडलं, मुलाच्या मांडीवर ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि दाराबाहेर पडला.