कापड झटकलं की भिंत

गल्लीतल्या त्या सलूनवाल्याला सगळे 'झालंच' म्हणायचे. खुर्चीवरचं गिऱ्हाईक कंटाळलं की हा कात्री चालवत म्हणायचा, "झालंच!" आणि पुढे अर्धा तास मान सोडायचा नाही. बायकोनं नळ दुरुस्त करायला सांगितला, झालंच. तो नळ दोन वर्षं गळत होता. माणूस लबाड नव्हता हो, नुसता विसराळू. पण या वेळी प्रकरण खांद्यावर आलं होतं.

उजवा खांदा आखडला. आधी दुखला, मग जाम झाला. हात छातीच्या वर जाईना. न्हाव्याचा हात वर जात नाही म्हणजे काय, सांगायला नको. बुटक्या माणसांचे केस तो कसेबसे कापायचा. उंच माणसांना म्हणायचा, "जरा खाली सरका." ती बिचारी सरकत सरकत खुर्चीत जवळजवळ झोपायची. गल्लीत टपाल वाटणारे टपालवाले काका तर ताडमाड. वीस वर्षं याच खुर्चीत बसलेले. पण एकदा सरकता सरकता त्यांचे गुडघे आरशाखालच्या फळीवर आपटले, डोक्याच्या मधोमध केसांचा तुरा तसाच राहिला, आणि पुढच्या महिन्यात ते समोरच्या नव्या दुकानात जाताना दिसले. मान खाली घालून, चोरासारखे. झालंचनं पाहिलं आणि दिवसभर त्याच्या तोंडून एक विनोद निघाला नाही.

त्यात बायकोनं आणखी एक केलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायचं कापड दारापाशी उंच खिळ्यावर टांगलेलं असायचं. तिथवर हात पोहोचेना, म्हणून तिनं मुकाट्यानं हातोडी घेतली आणि बेंबीच्या उंचीला दुसरा खिळा ठोकला. तिच्या मनात माया होती. त्याला मात्र तो खिळा रोज टोचायचा.

डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई वयानं धाकट्या, पण शिस्तीच्या. त्यांनी साधी गोष्ट दाखवली: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायची, ताण बसेल तिथपर्यंत; कळ आली की थांबायचं. तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं. दिवसातून बऱ्याच वेळा.

पंधरा दिवसांनी बाईंनी विचारलं, "व्यायाम?"

"झालंच."

"हात दाखवा."

हात होता तिथेच होता.

"खरं सांगा, मामा."

"अहो, लक्षातच राहत नाही! आठवतं तेव्हा हातात वस्तरा असतो. आता वस्तरा माणसाच्या गळ्यावर ठेवून मी भिंतीवर चढू का?"

बाई हसल्या. "लक्षात ठेवूच नका. रोज न चुकता जे करता, त्याच्या मागे हे जोडा. ते झालं की लगेच हे. तेच तुम्हाला आठवण करून देईल."

झालंचला हे एकदम पटलं. त्यानं छाती ठोकून सांगितलं, "चहा आला की करतो!" पण चहावाला स्वतःच्या मर्जीचा राजा. कधी दहाला, कधी बाराला, कधी गायब. आला तरी पेला हातात, गप्पा तोंडात, आणि व्यायाम वाऱ्यावर. मग त्यानं ठरवलं, "गिऱ्हाईक गेलं की करीन." आता सांगा, न्हाव्याच्या दुकानातून गिऱ्हाईक कधी जातं का? कटिंग झाली की ते खुर्चीतून उठतं आणि बाकावर बसतं. पेपर वाचतं, जगाची चूक काढतं, दुसऱ्याच्या दाढीवर मत देतं. दुपारी बाकावर पाच जण बसलेले असायचे, पाचही जणांची कटिंग सकाळीच झालेली! कुणी गेलंच नाही, म्हणून व्यायामही झाला नाही.

शेवटी बाई स्वतःच दुकानात आल्या आणि बाकाच्या टोकाला बसल्या. पाच जण एकदम सभ्य झाले. दीड-दोन तास बाई नुसतं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मामा, दर गिऱ्हाइकानंतर तुम्ही ते काय करता?"

"कुठे काय करतो?"

"दारात जाता, कापड फाट्‌कन झटकता, मग त्या खिळ्याला अडकवता. आत्तापर्यंत तीनदा केलंत."

झालंच बघतच राहिला. तीस वर्षं तो हे करत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

"बघा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतही नाही, इतकं ते पक्कं आहे. आणि भिंत तिथेच आहे. कापड झटकलं की ते डाव्या खांद्यावर टाका, उजवी बोटं तीनदा भिंतीवर चढवा, मगच कापड अडकवा. बाकी काही नाही."

आणि काय आश्चर्य, जमलं! फाट् झालं की बोटं भिंतीवर. दुसऱ्या आठवड्यात तो विसरून कापड अडकवायला लागला तर बाकावरून पाच आवाज आले, "भिंत!" त्यानं पेन्सिलीनं खूण करायला सुरुवात केली. नवी खूण जुन्या खुणेच्या बोटभर वर गेली की बाकावर टाळ्या पडायच्या. या आळशी लोकांचा जन्मात पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला.

पण यश डोक्यात जातंच. झालंचनं विचार केला, एक जोडलं तर पाच का नाही? कापड झटकलं की भिंत, मग दहा बैठका, मग पेलाभर पाणी, मग लांब श्वास, मग बहिणीला फोन. पहिल्याच दिवशी खुर्चीत एकजण तोंडाला फेस लावून बसला होता आणि हा बैठका मारत होता. फेस वाळला, माणूस ओरडला, बहीण तिसऱ्या फोनला म्हणाली, "दादा, तुझी तब्येत बरी आहे ना?" चार दिवसांत कापड झटकायचाच त्याला धसका बसला आणि भिंतही सुटली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "एकच, मामा. हे अंगवळणी पडू दे, मग बाकीचं बघू."

पुन्हा एकच. राहिला सुटीचा दिवस. दुकान बंद, कापड नाही, मग व्यायाम कसला? त्यावर उपाय बायकोनं काढला. सकाळी ती पलंगावरची चादर झटकायची, ती मुद्दाम दणक्यात झटकायला लागली. फाट्! हा चहा पिताना उठून भिंतीकडे चालू लागायचा. ती हसून हसून बेजार व्हायची.

पाच महिने गेले. एका सकाळी दारात सावली पडली. टपालवाले. केस कानांवर आलेले, चेहरा ओशाळलेला. समोरच्या दुकानात कुणी त्यांच्याशी बोलतच नव्हतं म्हणे. ते बसले आणि सवयीनं खाली सरकू लागले.

"सरकू नका," झालंच म्हणाला. "ताठ बसा."

बाकावरचा पेपर खाली आला. हात वर गेला. छातीच्या वर, खांद्याच्या वर, थेट टपालवाल्यांच्या डोक्याच्या मधोमध. कात्री चालू लागली आणि झालंचला स्वतःच्याच कात्रीचा आवाज इतका गोड वाटला की डोळ्यांत पाणी आलं. "केस गेला डोळ्यात," तो म्हणाला. कुणाचाही विश्वास बसला नाही.

टपालवाले उठले. फाट्. बोटं भिंतीवर चढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि शेवटच्या खुणेच्या वर जाऊन बोटांना काहीतरी गार लागलं. जुना खिळा. त्यानं खांद्यावरचं कापड काढलं आणि तिथे अडकवलं.

संध्याकाळी बायको डबा न्यायला आली. तिनं कापड पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कपाटातली पकड घेतली. "मीच ठोकला होता," ती म्हणाली, आणि खालचा खिळा ओढून काढला.