सगळ्यांना एकच उत्तर

त्या दुष्काळात तेलगावच्या फाट्यावर आम्हा बायकांच्या सहकारी संस्थेची खानावळ होती. भाकरी करणारी माझ्याच वयाची; आमचं अगं-तुगंच. मी दोन बुकं शिकलेली, म्हणून संस्थेचा मोबाईल माझ्याकडे. गिऱ्हाइकं मोबाईलमधल्या नकाशावर आमच्याविषयी काय लिहितात ते वाचायचं आणि खाली उत्तर द्यायचं, हे माझं काम.

एक दिवस घाटनांदूरच्या एका माणसानं पाच तारे देऊन लिहिलं, 'मी ठेचा बाजूला सारला. चुलीवरच्या मावशींनी ते पाहिलं नि न मागता दही आणून ठेवलं. घरी जेवल्यासारखं वाटलं.' मी तिला वाचून दाखवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं नि पुन्हा वाचायला लावलं.

"मग तू काय लिवलंस त्याला?"

मी उत्तर देऊन मोकळी झाले होते. तेच वाचलं, "आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. पुन्हा अवश्य भेट द्या."

ती पीठ मळायची थांबली. "हे तर तू परवा त्या टरकवाल्याला बी म्हणली."

"सगळ्यांना तेच असतं."

"कावून? भाजीवाला बी गिऱ्हाइकाचं तोंड बघून बोलतो गं. ह्यानं माझं दही ध्यानात ठिवलं, आन् तू त्याला पावती फाडून दिली."

ते वाक्य मी कुठल्याशा दुकानाच्या उत्तरातून उचललं होतं. एकदा साठवलं की चिकटवायला सोपं. भारदस्त वाटतं म्हणून जरा मिरवतही होते.

दिलेलं उत्तर बदलता येतं. मी म्हटलं, "तूच सांग."

"त्याला म्हण, ठेचा लई तिखट झालता, माझंच चुकलं. दही आता न्हाई, म्हशी चारा छावणीत गेल्यात. पाऊस झाल्यावर ये, वाटीभर दही ठिवते. तवर आलास तर पिठलं कमी तिखट करते."

"दही नाही असं लिहायचं?"

"मग काय, एवढ्या लांबून बोलवून त्याला रिकामी वाटी दाखवू?"

तिनं सांगितलं तसं लिहिलं. वर मोबाईलनं आपणहून 'मालकाचे उत्तर' असं छापलं. ते वाचल्यावर ती हसली, "घे, मालक झाले मी." मला मात्र हसू आलं नाही.

दुपारी भांडी झाल्यावर मी जुनी उत्तरं उघडली. एका बाईनं लिहिलं होतं, तापातून उठलेली तिची पोर आमच्याकडे पहिल्यांदा पोटभर जेवली. तिच्याखालीही माझा अमूल्य अभिप्राय. ते खोडून पोरीची तब्येत विचारली, मऊ भात ठेवते म्हणाले. असं एकेक बदलत गेले. पण काहींची तोंडंच आठवेनात. मी गल्ल्यावर बसून त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्यांना काय लिहिणार?

त्यांच्याखाली ते वाक्य अजून तसंच आहे.