पाचशे साठ ओहम

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मी बारा व्होल्टच्या पॅनलवर लाल एलईडी सोल्डर करायचे. ते तासाभरात जळायचे आणि सुपरवायझर साहेब सगळ्यांसमोर सुनवायचे, “बाई, सोल्डरिंग शिका आधी.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मी एलईडीची डेटाशीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, मागून घेतली. साहेबांनी त्यातला शंभर मिलिअँपिअर करंट धरून करंट आवरणारा शंभर ओहमचा रेझिस्टर ठरवला होता. अहो, तो आकडा क्षणभराच्या पल्ससाठी! सतत पेटायला वीसच लिहिले होते. बारातून एलईडीचे दोन व्होल्ट वजा केले, दहा उरले, त्याला वीस मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअरने भागले, पाचशे ओहम आले. बाजारात मिळणारा त्याच्या वरचा, पाचशे साठचा लावला. संध्याकाळपर्यंत एकही एलईडी जळला नाही. साहेब पॅनल बघून सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, बोललो म्हणून सुधारलं ना सोल्डरिंग!”